साठ हजारांची अनामत आणि चार पानी उत्तर

घर सोडून महिना झाला तरी अनामत परत मिळेना, तेव्हा मी घरमालकांना रजिस्टर पोस्टाने मागणीपत्र धाडलं. उत्तर त्यांच्याकडून आलं नाही, त्यांच्या वकिलांकडून आलं. चार पानं, शेवटी सही-शिक्का आणि हिशोबाचा निष्कर्ष असा, की साठ हजारांची अनामत पूर्ण वळती होऊन वर मीच घरमालकांचं ₹५,८४० देणं लागतो. ते पंधरा दिवसांत भरावेत, अन्यथा कोर्टात दाद मागू.

घर नाशिकला पाथर्डी फाट्याच्या बाजूचं, सोसायटीत सगळ्यात वरच्या मजल्यावर. भाडं महिना ₹१४,०००. लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा, ऑनलाइन नोंदवलेला. पहिला संपल्यावर दुसरा केला आणि त्याची मुदत संपायला दोन महिने असताना, ५ मे २०२५ ला, आम्ही घर सोडलं. मी अंबडच्या एका कारखान्यात हिशोबाचं काम करतो. पुढे कंपनीतल्या काहीजणांना अशीच उत्तरं आली आणि ती घेऊन ते माझ्याकडे येऊ लागले. नावं-पत्ते वेगळे, भाषा तीच. या सगळ्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितो. कायद्याचे मुद्दे मला सल्ला देणाऱ्या वकीलबाईंनी समजावले आणि मग मी ते मूळ कलमांशी ताडून पाहिले.

१. पहिल्या वाचनात भाषा बाजूला काढा, दुसऱ्या वाचनात कबुली शोधा

‘माझ्या अशिलांनी दिलेल्या माहितीवरून व सूचनेवरून’ अशी सुरुवात होते. मग ‘तुमच्या पत्रातील संपूर्ण मजकूर खोटा, लबाडीचा व वस्तुस्थितीचा विपर्यास करणारा असून माझ्या अशिलांस मान्य व कबूल नाही’. शेवटी ‘याउपर कोर्टात गेल्यास होणाऱ्या खर्चाची व परिणामांची सर्वस्वी जबाबदारी तुमची’. घरात पहिल्यांदाच असं पत्र आलं की छातीत धस्स होतं. माझ्या आईने दोन दिवस नीट जेवण केलं नाही; पोलीस येतील असं तिला वाटत होतं. पण ही वाक्यं जवळपास प्रत्येक उत्तरात असतात. वकील हे पत्र पक्षकाराने जे सांगितलं त्यावरून लिहितो. त्याने घर पाहिलेलं नसतं, भिंत पाहिलेली नसते. कोणाचं बरोबर हे त्या पत्राने ठरत नाही आणि अनामतीचा वाद दिवाणी स्वरूपाचा असल्याने पोलिसांचा इथे संबंध येत नाही.

वकीलबाईंनी मला एक पेन्सिल दिली आणि सांगितलं, ‘दादा, प्रत्येक वाक्यासमोर तीनपैकी एक खूण करा. कबूल, नाकबूल की काहीच म्हटलेलं नाही.’ तासाभरात पत्राचं रूप पालटलं. ‘संपूर्ण मजकूर नाकबूल’ म्हणणाऱ्या त्याच पत्रात तिसऱ्या परिच्छेदात करार मान्य होता. चौथ्यात साठ हजार बँकेतून मिळाल्याचं मान्य होतं. आणि सहाव्यात, वजावटीचं कारण सांगण्याच्या ओघात, ‘दि. ५ मे २०२५ रोजी ताबा घेतल्यावर माझ्या अशिलांस असे आढळून आले की’ असं वाक्य होतं. म्हणजे ताबा कोणत्या तारखेला परत मिळाला हेही त्यांनी स्वतःच लिहून दिलं. अनामतीच्या दाव्यात मला मूलतः ज्या तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागल्या असत्या, करार, दिलेले पैसे आणि परत दिलेला ताबा, त्या तिन्ही त्यांच्याच वकिलाच्या सहीने माझ्या हातात आल्या. उरला फक्त वजावटीचा वाद.

ज्या मुद्द्यांवर पत्र गप्प असतं तेही टिपून ठेवावेत. नोटिशीतलं मौन म्हणजे आपोआप कबुली ठरत नाही. पण पुढे कोर्टात एखादं नवंच कारण निघालं, तर ‘हे पहिल्या उत्तरात का नव्हतं?’ हा प्रश्न विचारता येतो.

२. प्रत्येक वजावटीला तीन प्रश्न विचारा: कलम कुठलं, बिल कुठलं, आधीची स्थिती काय होती

पत्रातला हिशोब असा होता. संपूर्ण घराचा रंग ₹२८,०००. नोटीस न देता घर सोडलं म्हणून एक महिन्याचं भाडं ₹१४,०००. बेडरूमच्या भिंतीची ओल ₹९,५००. किचन ट्रॉली ₹६,५००. सोसायटीचं ना-वापर शुल्क ₹३,०००. साफसफाई ₹२,५००. वीजबिल ₹२,३४०. बेरीज ₹६५,८४०. अशा हिशोबांची एक खासियत मला पुढे वारंवार दिसली: बेरीज अनामतीच्या थोडी वरच जाते. मग परत द्यायचं राहत नाहीच, उलट समोरच्यालाच घाबरायला कारण मिळतं.

रंगाचीच बाब घेतो, कारण जवळपास प्रत्येक वादात मोठी रक्कम तीच असते. आमच्या करारात शब्द असे होते, की घर ‘नैसर्गिक झीज वगळता आहे त्या स्थितीत’ परत द्यायचं. भाडेपट्ट्यांच्या बाबतीत हेच तत्त्व १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये आहे; लिव्ह अँड लायसन्समध्ये मात्र करारात काय लिहिलंय ते आधी बघायचं. काही करारांत ‘घर सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचं भाडं वळतं करण्यात येईल’ असं स्पष्ट कलम असतं. तसं असेल तर आपली बाजू बरीच लंगडी होते, हे मान्य करावं. आमच्यात तसं कलम नव्हतं. वीस महिन्यांच्या वापरात रंग फिका पडणं, कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक, सोफ्याच्या पाठीमागे भिंतीवर उमटलेला पट्टा ही झीज. मुलीने हॉलच्या एका भिंतीवर खडूने कमरेएवढ्या उंचीपर्यंत काढलेली चित्रं ही झीज नव्हे, ते नुकसान. ती एक भिंत आमच्याकडे लागते, सगळं घर लागत नाही.

आता बिल. उत्तराला जोडलेला कागद बिल नव्हताच, एका दुकानाच्या लेटरहेडवरचा अंदाज होता. त्यात छत धरलेलं, बाल्कनीची लोखंडी जाळी धरलेली, मजुरी आणि साहित्य एकत्र. खाली तारीख पाहिली तर ती माझं मागणीपत्र पोचल्यानंतरची होती. आणि घरमालकांनी मे महिन्याच्या मध्यावर मला व्हॉट्सअ‍ॅप केला होता: ‘नवीन माणसं आज राहायला आली, गीझरचं वॉरंटी कार्ड कुठे ठेवलंय?’ म्हणजे घर न रंगवताच पुन्हा भाड्याने गेलं होतं आणि रंगाचा अंदाज त्यानंतर काढला गेला. जो खर्च झालाच नाही तो माझ्या अनामतीतून कसा कापणार, एवढाच प्रश्न मी नंतर विचारला.

तिसरा प्रश्न आधीच्या स्थितीचा. राहायला गेलो त्या दिवशी बायकोने सासूबाईंना घर दाखवण्यासाठी व्हिडिओ कॉलऐवजी एक मोठा व्हिडिओ काढून पाठवला होता. त्यात ट्रॉलीचं तिसरं खणही उघडून दाखवलं होतं आणि ते तेव्हाच थोडं तिरकं होतं. नुकसानीच्या वादात असा एक साधा, तारखेसह जतन झालेला व्हिडिओ दहा पानी युक्तिवादापेक्षा जास्त उपयोगी पडतो. तो मूळ फोनमध्येच ठेवावा, कारण इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फोनच विकून टाकला असेल तर अडचण होते.

३. नोटीस कालावधीच्या नावाखाली पूर्ण महिना कापता येतोच असं नाही

करारात ‘एक महिन्याची लेखी पूर्वसूचना’ होती. मी २ एप्रिलला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं, की ५ मेला घर सोडतोय. घरमालकांचं उत्तर होतं: ‘ठीक आहे. पाच तारखेला चावी द्या, मी दुसरं गिऱ्हाईक बघतो.’ वकिलांच्या पत्रात मात्र म्हटलं होतं, की लेखी सूचना मिळालीच नाही, व्हॉट्सअ‍ॅप हे लेखी नव्हे.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० पासून इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायद्याची मान्यता आहे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की घरमालकांनी त्या सूचनेवर भरवसा ठेवून पुढची पावलं टाकली. तारीख मान्य केली, नवा माणूस शोधला, चावी घेतली. आता सूचना मिळालीच नाही म्हणणं टिकत नाही.

समजा, सूचना अपुरी होती असं धरलं, तरी पुढचा प्रश्न उरतो: नुकसान किती झालं? भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास (१९६३) या प्रकरणात हे सांगितलं आणि कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण (२०१५) मध्ये अधिक स्पष्ट केलं, की नुकसान झालेलंच नसेल तर अनामत जप्त करता येत नाही आणि जिथे नुकसान मोजून दाखवणं शक्य आहे तिथे ते दाखवावं लागतं. घरभाड्यात तर ते दिवसांत मोजता येतं. आम्ही ५ मेला बाहेर पडलो, नवे भाडेकरू १५ मेला आत आले. घर दहा दिवस रिकामं राहिलं. चौदा हजारांच्या हिशोबाने ते साधारण साडेचार हजार होतात. म्हणजे अगदी त्यांची बाजू पूर्ण धरली तरी चौदा हजार निघत नाहीत, कारण उरलेल्या दिवसांचं भाडं त्यांना दुसरीकडून मिळालं.

हे गणित नवा भाडेकरू कधी आला हे कळल्याशिवाय मांडता येत नाही. म्हणून घर सोडल्यावर शेजाऱ्यांशी, सोसायटीच्या सेक्रेटरींशी संबंध तोडू नयेत. घर पुढचे चार महिने रिकामंच राहिलं असतं आणि मी खरोखर न सांगता निघालो असतो, तर हा मुद्दा माझ्या विरुद्ध गेला असता. लॉक-इन असलेल्या करारात तर जास्तच.

४. ओल कोणाची, हे पावसाळ्यातच लिहून ठेवावं

वरच्या मजल्यावर पश्चिमेची भिंत. जुलै २०२४ मध्ये सलग पाऊस लागला, तेव्हा बेडरूमच्या छताच्या कोपऱ्यापासून खाली ओल उतरली आणि रंगाचे पापुद्रे सुटले. मी त्याच आठवड्यात घरमालकांना फोटो पाठवून कळवलं होतं. ‘सोसायटीला सांगतो’ असं त्यांचं उत्तर होतं. वकिलांच्या पत्रात हीच ओल ‘तुम्ही बाथरूमचा निष्काळजीपणे वापर केल्यामुळे’ झाली होती.

फोटो नीट पाहिला तर गोष्ट उघड होते. बाथरूमच्या गळतीची ओल शक्यतो खालून किंवा नळाच्या उंचीवरून पसरते, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर दिसते आणि बारमाही टिकते. गच्चीची किंवा बाहेरच्या भिंतीची ओल वरच्या कोपऱ्यातून उतरते, पावसात वाढते आणि हिवाळ्यात सुकून पांढरी खारट भुकटी मागे ठेवते. आमच्या बेडरूमच्या त्या भिंतीपलीकडे बाथरूम नव्हतंच. गच्ची आणि पावसाच्या पाण्याची गळती ही सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीने दुरुस्त करायची कामं आहेत. करारातही ‘मोठ्या दुरुस्त्या मालकाकडे’ असं होतं. तो जुलैतला एक मेसेज नसता तर ही बाब माझ्या शब्दाविरुद्ध त्यांचा शब्द अशी अडकून पडली असती.

ना-वापर शुल्काचं उत्तर एका ओळीचं आहे. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी ते मालकाकडून घेते, ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये असा राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे आणि आमच्या करारात सोसायटीची देणी मालकाकडे होती. साफसफाईच्या अडीच हजारांना ना कलम होतं ना बिल.

५. जे खरंच आपल्याकडे लागतं ते आकड्यासकट मान्य करा

आमच्या वकीलबाईंचा यावर फार भर होता आणि मला तो पटला. निघताना आम्ही मीटरच्या रीडिंगचा फोटो घेतला होता. महावितरणचं बिल २० मेपर्यंतचं होतं. ५ मेपर्यंतच्या युनिटांचे ₹१,३१० आमचे, पुढचे नव्या भाडेकरूंचे. ट्रॉलीच्या एका खणाचं चॅनल आमच्याकडून तुटलं होतं; सुताराने ते बदलण्याचे ₹१,४०० सांगितले. संच बदलायचे साडेसहा हजार नाहीत. हॉलची खडूची भिंत, पुट्टी आणि दोन हात रंग, ₹३,५००. एकूण ₹६,२१०. म्हणजे मला परत मिळायला हवेत ₹५३,७९०.

पूर्ण साठ हजारांवर अडून बसलो असतो तर माझ्या मागणीलाही त्यांच्या हिशोबासारखाच वास आला असता. मध्यस्थासमोर किंवा न्यायाधीशासमोर ज्याचा हिशोब आधीच वाजवी दिसतो त्याच्यापासून बोलणी सुरू होतात.

६. करार नोंदवलेला आहे का, हे उत्तर वाचण्याआधी पाहा

सातपूरला राहणाऱ्या एका सहकाऱ्याला आलेल्या उत्तरात सगळा जोर एका कलमावर होता: सहा महिन्यांच्या आत घर सोडल्यास संपूर्ण अनामत जप्त. करार पाहिला तर पाचशे रुपयांच्या स्टँप पेपरवर, नोटरी केलेला. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही ही समजूत नाशिकमध्ये अजूनही घट्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आणि नोंदणीकृत करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर अन्यथा सिद्ध होत नाही.

हे वाक्य नीट वाचावं. भाडेकरूने काहीही म्हणावं आणि ते चालावं असा त्याचा अर्थ नाही. घरमालक सही केलेला नोटरीचा कागद पुढे करून अट सिद्ध करण्याचा प्रयत्न करूच शकतो. पण ओझं त्याच्यावर जातं. सहकाऱ्याने प्रत्युत्तरात कलम ५५ आणि कलम ७४ हे दोनच मुद्दे मांडले. पुढचं पत्र बऱ्याच खालच्या सुरात आलं आणि बोलणी सुरू झाली.

काहीजण २०२१ च्या मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्टचा हवाला देतात, की अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेताच येत नाही. तो केंद्राचा नमुना आहे, राज्याने तसा कायदा केल्यावरच लागू होतो. आपल्याकडे व्यवहार १९९९ च्या कायद्यावर चालतो. चुकीच्या कायद्याचा आधार घेतला की समोरचा वकील उरलेले खरे मुद्देही हलके करून टाकतो.

७. प्रत्युत्तर लहान ठेवा आणि तडजोडीचा प्रस्ताव वेगळ्या कागदावर द्या

माझं प्रत्युत्तर दीड पानाचं होतं. पहिल्या परिच्छेदात त्यांनी कबूल केलेल्या तीन गोष्टी, त्यांच्याच परिच्छेद क्रमांकांसह. दुसऱ्यात वजावटींचा तक्ता: त्यांची रक्कम, करारातलं कलम, जोडलेला पुरावा, माझी मान्य रक्कम. तिसऱ्यात मागणी: ₹५३,७९० पंधरा दिवसांत, आणि त्यानंतर व्याज. व्याजाचा उल्लेख मुद्दाम. करारात अनामत ‘बिनव्याजी’ असते, पण ते राहण्याच्या काळापुरतं. घर परत दिल्यावर अडवून ठेवलेल्या रकमेवर व्याज मागायचं असेल तर तसं लेखी कळवलेलं असणं १९७८ च्या व्याज कायद्याखाली उपयोगी पडतं. घरमालकांच्या स्वभावाबद्दल, त्यांनी मागे केलेल्या भांडणाबद्दल एक शब्दही नाही. मी लिहिलेले दोन परिच्छेद वकीलबाईंनी सरळ काट मारून काढले.

तडजोडीची तयारी असेल तर ‘हक्क अबाधित ठेवून’ असं वर लिहून वेगळं पत्र द्यावं. मागणी आणि सवलत एकाच पत्रात मिसळली की सवलतीचा आकडाच पुढे मागणी म्हणून वापरला जातो. आणि मुदतीचं भान ठेवावं: पैशांच्या वसुलीच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. पत्रापत्रीत ती थांबत नाही.

८. दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा दरवाजा आहे

पन्नास-साठ हजारांसाठी दिवाणी दावा म्हणजे कोर्ट फी, वकिलांची फी आणि काही वर्षं. हे घरमालकांनाही माहीत असतं. कित्येकदा त्या चार पानी उत्तराचा खरा आधार तोच असतो. आम्ही सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज दिला. साध्या कागदावर अर्ज, सोबत करार, दोन्ही बाजूंची पत्रं, फोटो. कोर्ट फी लागत नाही. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, हेही लक्षात ठेवावं. करार पत्नीच्या नावावर असेल तर त्याचा उपयोग होतो.

इथे कोणी निकाल लादत नाही. समोरचा माणूस आलाच नाही किंवा त्याने नाही म्हटलं तर प्रकरण तिथेच संपतं आणि दाव्याचा मार्ग खुला राहतो. पण दोघांचं जमलं आणि ते लोकअदालतीत नोंदवलं गेलं, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार त्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ येतं आणि त्यावर अपील नसतं.

घरमालक आले. वकिलांशिवाय समोरासमोर बसल्यावर काकांचा सूर वेगळा होता. मध्यस्थांनी मीटरचा फोटो, ओलीचा मेसेज आणि वॉरंटी कार्डाचा मेसेज एकामागून एक त्यांच्यासमोर ठेवला. ते बराच वेळ रंगाच्या अंदाजाच्या कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, ‘नोटीस महिन्याचं थोडं तरी धरा.’ ते धरलं, व्याज सोडलं आणि ₹५१,००० वर जुळलं. सह्यांआधी रक्कम खात्यात जमा झाल्याचा संदेश येऊ द्यायचा, एवढी एक गोष्ट मी सोडली नाही. ‘संपूर्ण हिशोब मिटला’ अशी पावती आधी लिहून घेऊन पैसे नंतर देण्याचे प्रकार मी इतरांच्या बाबतीत पाहिले आहेत.

९. चावी अडवून ठेवू नका, ताबापावतीशिवाय देऊही नका

अनामत मिळेपर्यंत चावी द्यायची नाही, असा सल्ला सगळे देतात. लिव्ह अँड लायसन्समध्ये तो महागात पडू शकतो. मुदत संपल्यावर ताबा दिला नाही तर १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ खाली घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाईची जबाबदारी येते. अनामतीचे पैसे त्यातच विरून जातात.

चावी द्यावीच, पण ताबा आणि वजावट लेखी नोंदवून. म्हणून नव्या घराच्या करारात मी एक कलम घालून घेतलं. इंदिरानगरच्या या घरमालक काकूंनी ते वाचून लगेच होकार दिला, कारण त्यात त्यांचीही सोय आहे. कलम असं: ताबा देण्याच्या सात दिवस आधी दोन्ही पक्ष घराची एकत्र पाहणी करतील, वजावटीची प्रत्येक बाब रकमेसह त्याच दिवशी लेखी नोंदवतील, वीज व गॅसचं मीटर रीडिंग त्याच कागदावर लिहितील, नोंदवलेली वजावट वगळून उरलेली अनामत चावी घेतानाच बँक खात्यात जमा करतील, आणि त्या दिवशी न नोंदवलेली कोणतीही बाब नंतर वजावटीस पात्र राहणार नाही.